फोनचा कॅमेरा: प्रकाश किती आला आणि पुढे त्याचं काय केलं

फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याबद्दल तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात. किती मेगापिक्सेल, लेन्सपुढे f/ कितीचा आकडा, आणि 'नाइट मोड' किंवा 'एआय कॅमेरा' असे शब्द. सेन्सर किती मोठा आहे, हे मात्र बहुतेक वेळा छापलेलंच नसतं. नेमका तोच आकडा बाकीच्या दोन्हींना अर्थ देतो, म्हणून ही उणीव मला फार खटकते.

भर उन्हात पंधरा हजारांचा फोन आणि सत्तर हजारांचा फोन जवळजवळ सारखाच फोटो काढतात. फरक दिसतो तो दिवेलागणीनंतर. घरातल्या पिवळट उजेडात, मांडवात, हॉटेलच्या टेबलावर. कारण फोटोची गुणवत्ता हा मुळात प्रकाशाच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. सेन्सर म्हणजे प्रकाश ज्यावर पडतो तो सिलिकॉनचा तुकडा. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश ज्यातून आत येतो ते लेन्सचं छिद्र. आणि कॉम्प्युटेशनल फोटोग्राफी म्हणजे आलेल्या प्रकाशावर फोनचा प्रोसेसर जे गणित करतो ते. पहिल्या दोन गोष्टी फोन कारखान्यातून निघाला तेव्हाच ठरून गेलेल्या असतात. तिसरी अपडेटने बदलू शकते.

या तिन्हींचा परिणाम वेगवेगळा करून पाहायचा तर असे फोन हवेत, ज्यांत एक गोष्ट बदलली आणि दुसरी तशीच राहिली. असा प्रयोग गूगलच्या पिक्सेल मालिकेत जवळपास आयता झालेला आहे. २०१८ च्या पिक्सेल ३ मध्ये सोनीचा आयएमएक्स३६३ हा सेन्सर होता. तोच सेन्सर पुढे पिक्सेल ४, पिक्सेल ४ए, पिक्सेल ५ असा चालत राहिला. २०२१ च्या पिक्सेल ६ मध्ये गूगलने तो बदलून सॅमसंगचा कितीतरी मोठा सेन्सर घातला, सोबत टेन्सर हा स्वतःचा प्रोसेसरही आणला. आणि २०२२ मध्ये पिक्सेल ६ए आला तेव्हा त्यात पिक्सेल ६ चाच टेन्सर होता, पण मुख्य कॅमेऱ्याला सेन्सर मात्र तोच जुना २०१८ चा. म्हणजे पिक्सेल ३ आणि ६ए शेजारी ठेवले तर सेन्सर एक, गणित वेगळं. पिक्सेल ६ आणि ६ए शेजारी ठेवले तर प्रोसेसर एक, सेन्सर वेगळा. यातला ६ए भारतात रीतसर विकला गेला, तेव्हा तो अनेकांच्या हातात असेल.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या एकेका बारीक चौकोनालाही पिक्सेलच म्हणतात. फोनच्या नावाशी गल्लत नको म्हणून या लेखात त्याला मी ठिपका म्हणणार आहे. ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी ठिपके.

आता सेन्सरचा आकार. तो १/२.५५ इंच, १/१.३१ इंच अशा विचित्र अपूर्णांकांत सांगतात. छेदातला आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, एवढं त्यातून कळतं. पण हे इंच खरे इंच नाहीत. ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांच्या व्यासावरून आलेली आहे, आणि नळीचा प्रकाश टिपणारा भाग तिच्या बाहेरच्या व्यासापेक्षा बराच लहान असायचा. त्यामुळे 'एक इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरचा कर्ण मोजला तर तो २५ नव्हे, साधारण १६ मिलिमीटर भरतो. या इंचांवरून क्षेत्रफळ काढायला गेलात तर उत्तर चुकणारच.

त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. फोनच्या तपशिलात बरेचदा एका ठिपक्याची रुंदी मायक्रॉनमध्ये दिलेली असते. तिचा वर्ग करा आणि मेगापिक्सेलने गुणा. उत्तर थेट चौरस मिलिमीटरमध्ये येतं, कारण एका चौरस मिलिमीटरमध्ये बरोबर दहा लाख चौरस मायक्रॉन असतात. जुन्या आयएमएक्स३६३ चा ठिपका १.४ मायक्रॉनचा आणि ठिपके १२.२ मेगापिक्सेल. १.४ चा वर्ग १.९६, गुणिले १२.२, म्हणजे सुमारे २४ चौरस मिलिमीटर. पिक्सेल ६ च्या सेन्सरचा ठिपका १.२ मायक्रॉनचा, मेगापिक्सेल ५०. वर्ग १.४४, गुणिले ५०, म्हणजे ७२. ठिपका लहान, पण सेन्सर तिप्पट मोठा.

हीच रीत आणखी एका सेन्सरला लावून पाहा. सॅमसंगचा जेएन१ हा सेन्सर गेल्या काही वर्षांत पुष्कळ फोनमध्ये आलेला आहे. तोही ५० मेगापिक्सेलचाच, पण त्याचा ठिपका ०.६४ मायक्रॉनचा. वर्ग ०.४१, गुणिले ५०, म्हणजे जेमतेम साडेवीस चौरस मिलिमीटर. पिक्सेल ६ च्या सेन्सरपेक्षा साडेतीन पटींनी लहान, आणि २०१८ च्या त्या १२ मेगापिक्सेलवाल्यापेक्षाही लहान. खोक्यावर मात्र दोन्हीकडे '५० मेगापिक्सेल' असंच छापता येतं, आणि त्यात खोटं काहीच नाही. मेगापिक्सेल म्हणजे तुकडे किती केले याची मोजणी. मुळात पट्टी केवढी होती, हे त्यातून कळत नाही. शिवाय हे फोन नेहमीच्या फोटोत चार ठिपके मिळून एक करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचीच फाइल देतात, म्हणजे ते ५० शेवटी उरतही नाहीत.

अ‍ॅपर्चरकडे वळू. f/1.7, f/1.85 हा आकडा जितका लहान तितकी लेन्स 'मोठी', एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण हे माप नाही, गुणोत्तर आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. म्हणजे f/1.7 वरून छिद्र प्रत्यक्षात केवढं आहे ते कळत नाही. त्यासाठी नाभीय अंतर हवं. ते तुमच्या फोनमधल्या प्रत्येक फोटोत नोंदलेलं असतं. गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये फोटो उघडून वर सरकवा, तपशिलात अशी एक ओळ दिसेल:

```
ƒ/1.73   1/25   4.38mm   ISO442
```

ही ओळ पिक्सेल ५ च्या फोटोत दिसेल तशी आहे. छिद्राचा व्यास काढायचा तर ४.३८ ला १.७३ ने भागा. सुमारे अडीच मिलिमीटर. पिक्सेल ६ च्या फोटोत तिथे ƒ/1.85 आणि 6.81mm असं दिसतं. ६.८१ भागिले १.८५, म्हणजे जवळपास ३.७ मिलिमीटर. खोक्यावरचा आकडा वाचला तर पिक्सेल ६ ची लेन्स आधीच्यापेक्षा 'कमी' झाली, आणि प्रत्यक्षात छिद्र जवळपास दीडपट रुंद झालं. कारण मोठ्या सेन्सरवर तेवढंच दृश्य पसरवायचं तर लेन्स सेन्सरपासून लांब न्यावी लागते, नाभीय अंतर वाढतं, आणि त्याच प्रमाणात छिद्रही मोठं घ्यावं लागतं. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा वर्षागणिक वाढत गेला, त्यामागे हे आहे.

f-आकडा सांगतो की सेन्सरच्या एका चौरस मिलिमीटरवर किती दाट प्रकाश पडतो. एकूण प्रकाश हवा तर त्या दाटपणाला क्षेत्रफळाने गुणायचं. पिक्सेल ५ आणि ६ साठी करून पाहू. दाटपणा f-आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो. पिक्सेल ५ चा खोक्यावरचा आकडा १.७ धरू. १.७ भागिले १.८५, त्याचा वर्ग, म्हणजे ०.८४. पिक्सेल ६ मध्ये प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १६ टक्के कमी प्रकाश पडतो. पण क्षेत्रफळ तिप्पट. ३ गुणिले ०.८४ म्हणजे साधारण अडीच. पिक्सेल ६ आणताना गूगलने मुख्य कॅमेरा पिक्सेल ५ पेक्षा अडीचपट प्रकाश घेतो असं सांगितलं होतं, आणि तो आकडा आपण असा घरबसल्या काढू शकतो.

म्हणून दोन वेगळ्या फोनच्या f-आकड्यांची तुलना सेन्सर माहीत नसताना करू नये. f/1.8 ऐवजी f/1.7 असेल तर फरक जेमतेम १२ टक्क्यांचा पडतो, फोटोत तो डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. सेन्सरच्या आकारातला फरक मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट असू शकतो. f-आकडा तुलनेला उपयोगी पडतो तो सेन्सर सारखाच असेल तेव्हा. आणखी एक गोष्ट: बहुतेक फोनमध्ये हे छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस९ सारखे f/1.5 आणि f/2.4 अशी अदलाबदल करणारे फोन अपवादानेच आले. त्यामुळे उजेड कमी झाला की तुमचा फोन छिद्र उघडू शकत नाही. त्याच्या हातात उरतो तो वेळ, म्हणजे शटर किती क्षण उघडं ठेवायचं ते.

आणि वेळ हीच कॉम्प्युटेशनल फोटोग्राफीची खरी जागा आहे.

अंधारातला फोटो रवाळ का दिसतो, इथून सुरुवात करू. प्रकाश सलग धारेने येत नाही, कणाकणाने येतो, आणि ते कण नेमके मोजून येत नाहीत. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडायला हवे असतील, तर प्रत्यक्षात कधी ९२ पडतील, कधी १०९. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० चं वर्गमूळ १०, म्हणजे दहा टक्के. एकाच रंगाच्या भिंतीवर शेजारशेजारचे ठिपके दहा टक्क्यांनी वरखाली झाले की भिंत रवाळ दिसते. ९०० कण आले तर चढउतार ३० चा, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि भिंत स्वच्छ दिसते. सेन्सर कितीही उत्तम बनवला तरी हा चढउतार जात नाही, कारण तो प्रकाशातच आहे. कण जास्त जमवणं हा एकच उपाय.

कण जास्त जमवायचे तर शटर जास्त वेळ उघडं ठेवता येईल. पण हात हलतो. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून हातात धरून काढलेला फोटो जवळपास नक्कीच हलतो. त्यावर तोडगा असा: एक लांब फोटो न काढता बरेच छोटे फोटो काढायचे, प्रत्येक इतका छोटा की त्यात हात हललेला जाणवणार नाही, आणि मग ते एकमेकांवर बरोबर बसवून त्यांची सरासरी काढायची. नऊ फोटोंची सरासरी म्हणजे प्रत्येक ठिपक्याला नऊपट कण, म्हणजे रवाळपणा एक तृतीयांश. गूगलने याला एचडीआर प्लस नाव दिलं, आणि त्याच पायावर नोव्हेंबर २०१८ मध्ये पिक्सेल ३ ला अपडेटने नाइट साइट, म्हणजे गूगलचा नाइट मोड, मिळालं. फोन तोच, काच तीच, सेन्सर तोच. कॅमेऱ्याचं अ‍ॅप तेवढं बदललं, आणि रात्रीचे फोटो ओळखू येणार नाहीत इतके सुधारले. जुन्या पिक्सेल आणि पिक्सेल २ लाही ते मिळालं. निव्वळ गणिताने काय होऊ शकतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

नाइट साइटमध्ये बटण दाबण्याआधीच फोन पाहत असतो की हात किती हलतोय आणि समोरचं दृश्य किती हलतंय. हलत असेल तर तो जास्तीत जास्त १५ फोटो घेतो, प्रत्येकी १/१५ सेकंद किंवा त्याहून कमी. फोन ट्रायपॉडवर स्थिर असेल तर एकेका सेकंदाचे सहा. 'फोन स्थिर धरा' असं म्हणत काही क्षण थांबवतो, ते यासाठी.

जुळवणी कशी होते ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण या पद्धतीची मर्यादा तिथेच लपलेली आहे. आधी सगळ्या फोटोंतला सगळ्यांत रेखीव फोटो आधार म्हणून निवडला जातो. मग तो लहान लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोन बाकीच्या फोटोंत कुठे सरकलाय ते शोधतात. सापडलेला चौकोन आधाराच्या चौकोनाशी ताडून पाहतात. दोघांतला फरक रवाळपणामुळे पडू शकेल एवढाच असेल, तर दोन्हींची सरासरी घ्यायची. फरक त्याहून मोठा असेल, तर त्याचा अर्थ तिथे काहीतरी खरोखर हललं. मग त्या फोटोतल्या त्या चौकोनाला कमी वजन द्यायचं, किंवा धरायचंच नाही. असं केलं नाही तर हलणाऱ्या माणसाला चार हात दिसतील. पद्धत प्रामाणिक आहे. पण तिची किंमत अशी, की जे हललं त्याच्या वाट्याला शेवटी एकाच फोटोएवढा प्रकाश येतो.

आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा. पंधरा फोटो जुळले तर पंधरापट प्रकाश, रवाळपणा जवळपास एक चतुर्थांश. मोठ्या सेन्सरने आणि लेन्सने मिळाला तो अडीचपट, रवाळपणा दीडेक पटीने कमी. स्थिर दृश्य असेल, म्हणजे देऊळ, इमारत, रात्रीचा रस्ता, ताटातलं जेवण, तर गणिताचा वाटा सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणूनच चार वर्षं जुन्या सेन्सरवर ६ए बाजारात आणता आला आणि त्याचे फोटो लोकांना आवडले. हलणाऱ्या वस्तूवर मात्र गणिताचे पंधराचे एक होतात, आणि सेन्सरचे अडीच अडीचच राहतात.

घरातली आरती घ्या. ट्यूबलाइट बंद, समया आणि माळेचे दिवे, दोन मीटरवर टाळ्या वाजवणारं एक मूल. त्याचा चेहरा सेकंदाला वीस सेंटिमीटर या वेगाने हलतोय असं धरू. हे काही फार नाही, टाळीच्या ठेक्यावर मान हलते तेवढंच. दोन मीटरवर पिक्सेल ५ किंवा ६ए च्या चौकटीत साधारण अडीच मीटर रुंदीचं दृश्य मावतं आणि ते चार हजार ठिपक्यांत विभागलं जातं. म्हणजे एका ठिपक्याला सुमारे ०.६ मिलिमीटर. शटर १/१५ सेकंद असेल तर तेवढ्या वेळात चेहरा १३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे वीसेक ठिपके फासले जातात. पापण्या, भुवई, ओठांची कड, सगळं जातं. शटर १/६० केलं तर फासणं पाच ठिपक्यांवर येतं. चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

पण १/६० म्हणजे प्रकाश चतुर्थांश. लहान सेन्सरवर १/१५ ला एका ठिपक्यावर १०० कण येत होते असं धरलं, तर आता २५. त्यांचा चढउतार ५, म्हणजे वीस टक्के. गालावर चांगलाच रवा. मोठ्या सेन्सरवर अडीचपट, म्हणजे ६२ कण, चढउतार तेरा टक्क्यांच्या जवळ. तो १/६० लासुद्धा जवळपास तितकाच स्वच्छ राहतो जितका लहान सेन्सर १/१५ ला होता. लहान सेन्सरच्या फोनला इथे दोन वाईट गोष्टींतून एक निवडावी लागते: फासलेला चेहरा किंवा रवाळ चेहरा. तो बहुतेक मधला मार्ग काढतो आणि मग रवा घालवण्यासाठी शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून गुळगुळीत करतो. त्यात केसही गुळगुळीत होतात.

हे तुमच्या फोटोत ओळखता येतं. रात्री घरात काढलेला, माणसं असलेला एखादा फोटो उघडा आणि दोन बोटांनी मोठा करून आधी भिंत, मग चेहरा पाहा. भिंत, फर्निचर, देव्हाऱ्याचं कोरीव काम स्वच्छ आणि चेहरा जलरंगाने रंगवल्यासारखा, केसांच्या बटा एकमेकांत विरघळलेल्या, साडीच्या काठावरची जर नुसती पिवळी पट्टी झालेली: असं असेल तर भिंतीला पंधरा फोटो मिळाले आणि चेहऱ्याला एक. सगळाच फोटो एका दिशेने फासलेला असेल, भिंतीसकट, तर हात हलला. आणि हलत्या हाताच्या कडेला फिकट दुसरी कड दिसत असेल, तर जुळवणीत चुकीचा चौकोन सरासरीत शिरला. शटर किती होतं ते त्याच तपशिलाच्या ओळीत आहे; वरच्या नमुन्यातलं 1/25 म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. नाइट मोडच्या फोटोत मात्र तिथे दिसणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका, कारण फोटो बऱ्याच फोटोंचा आणि नोंद एकाच आकड्याची असते.

अशा वेळी, मग सेन्सर कोणताही असो, नाइट मोड बंद करून एखादा दिवा लावणं जास्त उपयोगी. खोलीतला उजेड चौपट करणं हे चौपट सेन्सर विकत घेण्यासारखंच आहे, आणि खर्च एका बटणाचा.

गूगललाही ही मर्यादा माहीत होतीच. पिक्सेल ६ मध्ये चेहरा फासला जाण्याची शक्यता दिसली की फोन मुख्य कॅमेऱ्यासोबत शेजारचा अल्ट्रावाइड कॅमेराही जास्त वेगवान शटरने चालवतो, आणि त्यातला रेखीव पण रवाळ चेहरा मुख्य फोटोतल्या स्वच्छ पण फासलेल्या चेहऱ्याशी जोडतो. हलणाऱ्या गोष्टीसाठी प्रकाश मागाहून तयार करता येत नाही, तो त्याच क्षणी दुसऱ्या लेन्समधून आणावा लागतो, हे यातून स्पष्ट दिसतं.

मोठ्या सेन्सरचा एक तोटाही सांगायला हवा, कारण तो हातात फोन आल्यावरच कळतो. छिद्र प्रत्यक्षात मोठं झालं की फोकसमध्ये राहणारी खोली कमी होते. समोरच्या माणसामागची पार्श्वभूमी थोडी आपोआप धूसर होते, ते छान दिसतं. पण वहीचं पान किंवा आधार कार्ड जवळून टिपायला गेलात की मध्यभागची अक्षरं स्वच्छ आणि कडेची पुसट येतात. एक इंची सेन्सरच्या फोनवर, उदाहरणार्थ शाओमी १३ प्रोवर, हे सहज दिसतं. फोन बिघडलेला नसतो. थोडं मागे सरकून दुप्पट झूम करून टिपलं की पान कडेपर्यंत वाचता येतं.

याउलट लहान सेन्सरच्या फोनला पार्श्वभूमी धूसर करायची तर ती गणितानेच करावी लागते. पोर्ट्रेट मोड म्हणजे तेच. कोण पुढे, कोण मागे याचा अंदाज बांधून मागचं धूसर केलं जातं. अंदाज कुठे चुकला ते पाहायचं तर कानातले झुमके, चष्म्याची काडी आणि सुटलेल्या केसांची कड पाहा. अर्धी काडी रेखीव आणि अर्धी धूसर दिसली की समजा हे लेन्सने केलेलं नाही.

इथे एक भेद मी नेहमी डोळ्यांसमोर ठेवतो. पंधरा फोटोंची सरासरी काढणं हे मोजमापच आहे. तिथे दिसणारा प्रत्येक तपशील खरोखर लेन्समधून आलेला असतो. पण मिळालेल्या धूसर आकारावरून तिथे काय असावं हे शिकवलेल्या मॉडेलने भरणं, ही वेगळी गोष्ट आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला तो याचाच. एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, आणि फोनने त्यात मूळ चित्रात नसलेला तपशील दाखवला. कंपनीनेही मग चंद्र ओळखून त्याचा तपशील वाढवण्याची ही पद्धत समजावून सांगितली. घरातल्या फोटोत असं भरलेलं ओळखायचं तर लांबच्या पाटीवरची अक्षरं पाहा. रेखीव कडांची, ठसठशीत, पण कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं दिसली, की प्रकाश तिथे पोहोचलाच नव्हता.

नवा फोन घेताना मी तरी आधी मुख्य कॅमेऱ्याच्या ठिपक्याची रुंदी शोधतो. ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात बहुधा मिळते. वर्ग करून मेगापिक्सेलने गुणलं की चौरस मिलिमीटर येतात. फोटोत मुलं, नाच, खेळ, कुत्री-मांजरं जास्त असणार असतील, तर मी तो आकडा मोठा असलेला फोन निवडतो, त्यासाठी f-आकडा थोडा वाईट असला तरी चालतो. प्रवास, देवळं, डोंगर, जेवण हेच विषय असतील, तर लहान सेन्सरचा, पण गणित पक्कं असलेला आणि काही वर्षं अपडेट मिळणारा फोन पुरतो. दुकानात डेमोचा फोन असेल तर झगझगीत काउंटरवर फोटो काढून काहीच कळत नाही. टेबलाखालच्या सावलीत सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगून दोन-तीन फोटो काढा, आणि त्याची बोटं मोठी करून पाहा.